थकलेल्या बिलासाठी हप्त्यांची सवलत देणारा ईमेल आणि हप्ता चुकल्यास लागू होणाऱ्या अटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यावसायिक ग्राहकाकडे थकलेल्या बिलाची रक्कम हप्त्यांनी घेण्याचे ठरल्यावर तसा ईमेल कसा लिहावा, याबद्दल सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सर्व उत्तरांत एकच उदाहरण वापरले आहे, म्हणून आकडेमोड समजण्यासाठी प्रश्न ३ मधील नमुना आधी वाचलेला बरा. व्याज, मुदत आणि वसुली यांचे कायदे देशोदेशी वेगळे असतात. जेथे स्थानिक कायदा निर्णायक ठरतो, तेथे त्या त्या उत्तरात तसे सांगितले आहे.

१. हप्त्यांचा प्रस्ताव देणारा ईमेल साध्या आठवणीच्या ईमेलपेक्षा वेगळा कसा?

आठवणीच्या ईमेलमध्ये आपण जुनेच येणे पुन्हा मागतो आणि त्यामुळे दोन्ही बाजूंच्या हक्कांत काहीही बदल होत नाही. हप्त्यांचा प्रस्ताव मात्र ग्राहकाने मान्य केला की नवा लेखी समझोता होतो. त्यानंतर ग्राहक ठरल्याप्रमाणे हप्ते भरत असेल, तर आपल्याला मधेच संपूर्ण रक्कम मागता येत नाही, कारण थांबण्याचे वचन आपण स्वतः दिलेले असते. म्हणूनच हे वचन कोणत्या अटींवर दिले आणि ते कधी संपते, हे त्याच ईमेलमध्ये लिहिलेले असणे आवश्यक आहे. “हप्त्यांनी दिले तरी चालेल” एवढेच एका ओळीत कळवणाऱ्याने वचन तर दिलेले असते, पण अटी ठेवलेल्या नसतात.

२. ग्राहकाने मागितल्यावरच हप्ते द्यावेत की आपणहून सुचवावे?

आधी दूरध्वनीवर बोलावे आणि ईमेल त्यानंतर पाठवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पैसे का थकले, हे बोलण्यातूनच कळते. ग्राहकाकडे तात्पुरती टंचाई असेल आणि पुढे पैसे येण्याचा काही ठोस आधार असेल, तर हप्ते उपयोगी पडतात. बिलाच्या रकमेबद्दल किंवा कामाच्या दर्जाबद्दल तक्रार असेल, तर आधी ती सोडवावी लागते (प्रश्न १० पाहा). ग्राहकाकडे पैसे आहेत, पण तो आपल्याला रांगेत शेवटी ठेवतो आहे असे दिसत असेल, तर हप्त्यांची सवलत देऊन आपण त्याला फक्त आणखी वेळ देतो.

बोलताना एकच प्रश्न नेमकेपणाने विचारावा: “येत्या आठवड्यात किती रक्कम देता येईल?” ज्याला आज काहीच देता येत नाही, त्याने पुढच्या चार महिन्यांसाठी दिलेल्या आकड्यांवर फारसे विसंबता येत नाही.

३. एखादा पूर्ण नमुना मिळेल का?

उदाहरण असे धरू. बिल २,४०,००० चे आहे आणि त्यातील ६०,००० आगाऊ मिळाले आहेत. उरलेले १,८०,००० हे १० एप्रिलला देय होते. मूळ करारात उशिरासाठी वार्षिक १२ टक्के व्याज लिहिलेले आहे. दूरध्वनीवर बोलणे झाल्यावर ३ जून रोजी पुढील ईमेल जातो.

> विषय: बिल क्र. २१४, शिल्लक १,८०,०००: हप्त्यांनी भरण्याचा प्रस्ताव (६ जूनपर्यंत उत्तर अपेक्षित)
>
> स. न.
>
> काल दूरध्वनीवर झालेल्या बोलण्यानुसार हा प्रस्ताव पाठवत आहे.
>
> बिल क्र. २१४ ची एकूण रक्कम २,४०,००० असून त्यापैकी ६०,००० आपण आगाऊ भरले आहेत. उरलेले १,८०,००० हे १० एप्रिल रोजी देय झाले असून ती संपूर्ण रक्कम आजही देय आहे.
>
> आपली सध्याची अडचण लक्षात घेऊन ही रक्कम पुढील चार हप्त्यांत स्वीकारण्यास आम्ही तयार आहोत: १० जून रोजी ६०,०००, आणि १० जुलै, १० ऑगस्ट व १० सप्टेंबर रोजी प्रत्येकी ४०,०००. प्रत्येक हप्ता त्या तारखेपर्यंत आमच्या बँक खात्यात जमा झालेला असावा. चारही हप्ते या अटींप्रमाणे जमा झाल्यास १० एप्रिलपासूनचे व्याज आम्ही आकारणार नाही.
>
> एखादा हप्ता ठरलेल्या तारखेनंतर पाच दिवसांच्या आत पूर्ण जमा झाला नाही, तर आपणास ईमेलने कळवून आम्ही ही सवलत रद्द करू शकू. तसे कळवल्यावर त्या दिवशी शिल्लक असलेली संपूर्ण रक्कम एकरकमी देय होईल आणि १० एप्रिलपासून वेळोवेळी शिल्लक राहिलेल्या रकमेवर मूळ करारातील वार्षिक १२ टक्के दराने व्याज लागू होईल. तोपर्यंत आपण भरलेले हप्ते मुद्दलात जमा धरले जातील.
>
> एखादा हप्ता आम्ही उशिरा किंवा अपुरा स्वीकारला, तरी त्यामुळे या अटी बदलणार नाहीत आणि पुढील हप्त्यांनाही त्या लागू राहतील.
>
> प्रस्ताव मान्य असल्यास ६ जूनपर्यंत याच ईमेलला उत्तर देऊन “१,८०,००० ही शिल्लक आणि वरील सर्व अटी मान्य आहेत” असे कळवावे. तोपर्यंत उत्तर न आल्यास हा प्रस्ताव संपुष्टात येईल.
>
> एखाद्या हप्त्याला उशीर होईल असे दिसल्यास कृपया तारखेच्या आधी आम्हाला कळवावे.

खाली नाव, पद आणि दूरध्वनी क्रमांक द्यावा. बँक खात्याचा तपशील ईमेलमध्ये नव्याने टाइप करण्यापेक्षा “मूळ बिलावर दिलेल्या खात्यातच” असे लिहिणे अधिक सुरक्षित असते, कारण बदललेल्या खाते क्रमांकाचे बनावट ईमेल पाठवून पैसे वळवण्याचे प्रकार नेमके अशाच पत्रव्यवहारात घडतात.

४. “संपूर्ण रक्कम आजही देय आहे” हे वाक्य कठोर वाटते. ते गाळले तर चालेल का?

गाळू नये. संपूर्ण ईमेलचा भार याच वाक्यावर आहे. रक्कम आधीपासूनच पूर्ण देय आहे आणि हप्ते ही तिच्यावर दिलेली सवलत आहे, असा क्रम लिहिला म्हणजे हप्ता चुकल्यावर घडणारी गोष्ट अगदी साधी ठरते: सवलत मागे घेतली जाते आणि मूळ स्थिती परत येते. ग्राहकावर कोणतेही नवे ओझे पडत नाही, कारण तेवढी रक्कम त्याच्याकडून येणे होतीच.

हे वाक्य नसेल तर तोच व्यवहार वेगळा दिसू लागतो. “आपण चार हप्त्यांत १,८०,००० द्यायचे ठरले” एवढेच लिहिले असेल, तर जुन्या देय तारखेच्या जागी चार नव्या तारखा आल्या, असा अर्थ काढता येतो. मग दुसरा हप्ता चुकला तरी तिसऱ्या आणि चौथ्या हप्त्याची वेळ अजून आलेली नाही, असे ग्राहक म्हणू शकतो, आणि त्याचे म्हणणे अगदीच निराधार नसते.

वाक्याचा कठोरपणा कमी करायचा असेल, तर त्याच्या लगेच पुढे ग्राहकाच्या अडचणीचा उल्लेख करावा, जसा नमुन्यात केला आहे. वस्तुस्थिती मात्र जशीच्या तशी ठेवावी.

५. हप्ते किती आणि केवढे ठेवावेत?

पहिला हप्ता मोठा आणि लवकरचा असावा. उदाहरणात तो शिल्लक रकमेच्या एकतृतीयांश आहे आणि ईमेलनंतर सातच दिवसांत येतो. त्यामुळे ग्राहकाचा इरादा लगेच कळतो आणि योजना मोडलीच तरी आपल्या हाती काही आलेले असते. त्यापुढचे हप्ते समान ठेवावेत, म्हणजे लक्षात ठेवायला आणि पडताळायला सोपे जातात. तारखा ग्राहकाकडे पैसे येण्याच्या दिवसांना धरून ठरवाव्यात. त्याच्याकडे महिन्याच्या ७ तारखेला पैसे येत असतील, तर ५ तारखेचा हप्ता चुकणार, हे आधीच सांगता येते.

शेवटचा हप्ता सर्वांत मोठा ठेवण्याची विनंती ग्राहकाकडून बऱ्याचदा येते. ती मान्य करू नये, कारण सगळी जोखीम त्या एका तारखेवर जाऊन बसते आणि ती तारीख येईपर्यंत सारे सुरळीत चालल्यासारखे दिसते.

६. हप्ता चुकल्यास सवलत “आपोआप रद्द होईल” असे लिहावे की “आम्ही रद्द करू शकू” असे?

“कळवून रद्द करू शकू” असे लिहावे. “आपोआप” हा शब्द भक्कम वाटतो, पण तो लिहिणाऱ्यालाच अडचणीत आणतो. समजा, हप्ता सातव्या दिवशी आला आणि आपण तो ठेवून घेतला. “आपोआप” लिहिलेले असेल, तर योजना दोन दिवसांपूर्वीच संपलेली आहे. मग आता आलेले पैसे कोणत्या व्यवस्थेखाली घेतले आणि पुढचा हप्ता १० तारखेला मागायचा की सगळी रक्कम आजच मागायची, याचे उत्तर कागदावर कुठेच सापडत नाही. दोन्ही बाजू योजना चालू असल्यासारखे वागत राहतात आणि कालांतराने ती अट केवळ शोभेची होती, असे म्हणायला जागा मिळते.

निर्णय आपल्या हाती ठेवला की प्रत्येक वेळी दोन वाटा स्पष्ट राहतात: कळवले तर सवलत रद्द, न कळवले तर योजना चालू. कळवल्याचा ईमेल हाच तारखेचा पुरावा होतो. अर्थात असा पर्याय ठेवणाऱ्याने तो वेळेवर वापरण्याची जबाबदारीही घ्यावी लागते (प्रश्न ९ पाहा).

७. हप्ता चुकल्यास ठोक दंड लिहिला तर ग्राहक अधिक काळजी घेईल, नाही का?

धाक वाटतो, पण अट टिकण्याची खात्री कमी होते. अनेक देशांच्या कायद्यांत केवळ शिक्षा म्हणून लावलेली आणि प्रत्यक्ष नुकसानीशी प्रमाण नसलेली रक्कम वसूल होत नाही किंवा न्यायालय ती कमी करते. ४०,००० च्या हप्त्याला दोन दिवस उशीर झाल्याबद्दल २५,००० दंड लिहिला, तर वादात पहिला प्रश्न त्या दंडावरच येईल आणि आपल्या रास्त मागणीकडेही संशयाने पाहिले जाईल.

तोच परिणाम उलट्या बाजूने साधता येतो. मूळ करारानुसार किंवा कायद्यानुसार जे व्याज आपल्याला मिळायलाच हवे, ते आज माफ करू नये. “सर्व हप्ते अटींप्रमाणे आले, तर आकारणार नाही” असे लिहावे. महिन्याला एक टक्का या सोप्या हिशोबाने उदाहरणातील ग्राहकाचे व्याज पहिल्या दोन महिन्यांचे ३,६००, नंतर अनुक्रमे १,२००, ८०० आणि ४००, म्हणजे एकूण ६,००० होते. योजना पाळली तर हे ६,००० वाचतात. मोडली तर आधीपासून लागू असलेलेच व्याज द्यावे लागते आणि त्यात दंड काहीच नसतो.

मूळ करारात व्याजाचा उल्लेख नसेल, तर जुन्या उशिरासाठी स्वतःच्या मनाने दर लावू नये. त्या ठिकाणच्या कायद्याने उशिराच्या व्यावसायिक देण्यावर व्याज मिळते का, हे पाहावे. मिळत नसेल, तर नव्या समझोत्यात पुढच्या काळासाठी दर सुचवता येतो, पण तो ग्राहकाच्या मान्यतेनंतरच लागू होतो.

८. हप्ता “चुकला” असे नेमके कधी म्हणायचे?

यासाठी तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. पहिली म्हणजे रक्कम पाठवण्याची तारीख धरायची की खात्यात जमा होण्याची. जमा होण्याची धरावी, कारण तीच आपल्याला स्वतः तपासता येते. दुसरी म्हणजे वाढीव दिवस किती. तीन ते पाच दिवस पुरेसे असतात, कारण बँकेची सुट्टी किंवा एखाद्या सहीला झालेला उशीर तेवढ्यात सावरता येतो. पंधरा दिवस दिले, तर तीच खरी तारीख बनते. तिसरी म्हणजे “पूर्ण” हा शब्द. तो नसेल, तर ४०,००० च्या जागी १०,००० भरून हप्ता पाळला, असे म्हणता येते.

नमुन्यातील वाक्यात तिन्ही गोष्टी आहेत. त्याप्रमाणे १० जुलैचा हप्ता १५ जुलै संपेपर्यंत पूर्ण जमा झाला, तर योजना अबाधित राहते. १६ जुलैपासून आपल्याला रद्द करण्याचा पर्याय मिळतो.

९. उशिरा आलेला हप्ता आम्ही काही न बोलता घेतला. आता अट वापरता येईल का?

एकदा असे झाले असेल, तर नमुन्यातील “उशिरा किंवा अपुरा स्वीकारला, तरी त्यामुळे या अटी बदलणार नाहीत” हे वाक्य बहुधा पुरते. तीन वेळा असेच घडले असेल, तर केवळ त्या वाक्याच्या भरवशावर राहणे धोक्याचे आहे. आपल्या वागण्यावरून उशीर चालतो, असा रास्त समज ग्राहकाने करून घेतला असेल, तर त्याला पूर्वसूचना न देता अचानक सर्व रक्कम मागणे अनेक ठिकाणी मान्य होत नाही.

म्हणून उशिरा आलेल्या प्रत्येक हप्त्याची पोच दोन वाक्यांत लेखी द्यावी: “१० जुलैचा हप्ता १८ जुलैला मिळाला. या वेळी सवलत रद्द करत नाही, पण ३ जूनच्या ईमेलमधील सर्व अटी कायम असून १० ऑगस्टचा हप्ता त्यांच्यानुसार अपेक्षित आहे.” मागच्या वेळी अशी पोच द्यायची राहून गेली असेल, तर आजच असे पत्र पाठवावे आणि अट पुढच्या हप्त्यापासून काटेकोरपणे वापरावी.

१०. ग्राहक हप्ते मागतो, पण बिलाची रक्कमच चुकीची आहे असेही म्हणतो. काय करावे?

वाद असलेली आणि नसलेली रक्कम वेगळी करावी. समजा, १,८०,००० पैकी ३०,००० च्या कामाबद्दल तक्रार आहे. मग १,५०,००० साठी हप्त्यांचा प्रस्ताव लगेच द्यावा आणि उरलेल्या ३०,००० बद्दल “याविषयी दोन्ही बाजूंचे म्हणणे राखून ठेवले असून ३० जूनपर्यंत त्याचा स्वतंत्र निकाल लावू” असे लिहावे. वादातील रक्कम हप्त्यांत मिसळली, तर ग्राहकाला शेवटचा हप्ता अडवायला कारण मिळते आणि त्यावर आपले रद्द करण्याचे वाक्यही लंगडे पडते.

११. ग्राहकाने उत्तर दिले नाही, पण पहिला हप्ता भरला. प्रस्ताव मान्य झाला असे धरायचे का?

असे धरता येईल असा युक्तिवाद करता येतो, पण त्यावर अवलंबून राहू नये. पैसे जमा झाले त्याच दिवशी लिहावे: “१० जूनचा ६०,००० चा हप्ता मिळाला. हा हप्ता ३ जूनच्या प्रस्तावानुसार स्वीकारला असून शिल्लक आता १,२०,००० आहे. त्या प्रस्तावातील अटी मान्य असल्याचे दोन दिवसांत कळवावे.” उत्तराची मुदत उलटून गेल्यावर पैसे आले असतील, तर “प्रस्तावाची मुदत १२ जूनपर्यंत वाढवत आहोत” हेही लिहावे. एरवी संपुष्टात आलेल्या प्रस्तावाला मान्यता कशी मिळाली, असा प्रश्न पुढे उभा राहतो.

मान्यता कोण देतो, तेही पाहावे. हिशोब विभागातील कनिष्ठ कर्मचाऱ्याने “ठीक आहे” असे उत्तर दिले असेल, तर मालकाला किंवा आर्थिक अधिकार असलेल्या व्यक्तीला प्रत पाठवून तिच्याकडून दुजोरा मागावा.

१२. दुसराच हप्ता चुकला. आता नेमके काय आणि कधी पाठवायचे?

उदाहरणातच पाहू. ६०,००० चा पहिला हप्ता १० जूनला आला. १० जुलैला काहीच जमा झाले नाही.

११ जुलैला एक छोटी, सौम्य सूचना पाठवावी. तिच्यात फक्त तीन गोष्टी असाव्यात: कोणता हप्ता आलेला नाही, वाढीव मुदत १५ जुलैला संपते आणि काही अडचण असेल तर आजच कळवावे. अटी पुन्हा सगळ्या उद्धृत करण्याची गरज नाही, “३ जूनच्या ईमेलमधील अटी पाहाव्यात” एवढे पुरते. बरेचसे चुकलेले हप्ते याच टप्प्यावर येतात, कारण तारीख विसरणे हे अगदी नेहमीचे कारण असते.

१६ जुलैलाही पैसे आले नाहीत, तर त्याच दिवशी निर्णय घ्यावा. सवलत रद्द करायची असेल, तर ईमेल असा:

> १० जुलै रोजी देय असलेला ४०,००० चा हप्ता वाढीव मुदतीतही जमा झालेला नाही. त्यामुळे ३ जूनच्या ईमेलद्वारे दिलेली हप्त्यांची सवलत आजपासून रद्द करत आहोत. आजची मुद्दल शिल्लक १,२०,००० असून ती एकरकमी देय आहे. १० एप्रिल ते १० जुलै या काळाचे व्याज ४,८०० होते आणि त्यानंतर रक्कम पूर्ण जमा होईपर्यंत दररोज सुमारे ३९ या प्रमाणात त्यात भर पडेल. ही रक्कम २३ जुलैपर्यंत जमा करावी. तसे न झाल्यास उपलब्ध कायदेशीर मार्गाने वसुलीची कार्यवाही सुरू करू.

४,८०० चा आकडा असा येतो: १,८०,००० वर दोन महिन्यांचे ३,६०० आणि पहिला हप्ता आल्यावर उरलेल्या १,२०,००० वर एका महिन्याचे १,२००. हा हिशोब ईमेलखाली जोडावा. व्याज मूळ १,८०,००० वरच चालू ठेवण्याची चूक वरचेवर होते आणि ग्राहकाने ती पकडली की बाकीचे आकडेही संशयास्पद ठरतात.

कायदेशीर कार्यवाहीचा उल्लेख ती खरोखर करायची असेल तरच करावा. फौजदारी तक्रारीची धमकी देणे, ग्राहकाच्या इतर व्यावसायिकांना कळवण्याचा इशारा देणे किंवा त्यांना प्रत पाठवणे या गोष्टी टाळाव्यात. त्यातून पैसे लवकर येतीलच असे नाही, पण आपल्याविरुद्ध तक्रार मात्र उभी राहू शकते.

१३. सवलत रद्द केल्यावर ग्राहकाने चुकलेला एक हप्ता पाठवला. तो परत करायचा का?

परत करण्याची गरज नाही, पण तो कसा घेतला ते त्याच दिवशी कळवावे: “आज आलेले ४०,००० हे एकूण येण्यापोटी जमा केले असून सवलत पुन्हा सुरू केलेली नाही. उरलेली रक्कम देय आहे.” असे न कळवता पैसे ठेवून घेतले, तर योजना पुन्हा चालू झाली, असा अर्थ निघू शकतो. योजना खरोखरच पुन्हा सुरू करायची असेल, तर प्रश्न १६ पाहा.

पैशांसोबत “पूर्ण व अंतिम रक्कम” अशी टीप आली असेल, तर विशेष सावध राहावे. काही ठिकाणी अशी रक्कम मुकाट्याने स्वीकारणे म्हणजे उरलेल्या रकमेवर पाणी सोडणे असे समजले जाऊ शकते. ती टीप मान्य नसल्याचे पैसे वापरण्यापूर्वी लेखी कळवावे आणि रक्कम मोठी असेल तर वकिलाला विचारावे.

१४. हप्ते चालू असताना त्याच ग्राहकाला नवा माल किंवा नवे काम द्यावे का?

द्यायचे असेल तर आगाऊ रकमेवर द्यावे आणि तसे प्रस्तावातच लिहावे. शिवाय कोणती जमा कोणत्या बिलाची, हेही ठरवावे. ग्राहकाने ४०,००० पाठवले आणि संदर्भ दिला नाही, तर ते नव्या बिलाचे की जुन्या हप्त्याचे, यावरच हप्ता चुकला की नाही हे ठरणार असते. “भरणा करताना बिल क्र. २१४ चा संदर्भ द्यावा” ही एक ओळ घातली की हा गोंधळ टळतो.

१५. ईमेलच्या वर “कोणत्याही हक्कास बाधा न येता” असा शेरा टाकला तर अधिक सुरक्षित नाही का?

या ईमेलवर तो बहुधा नको असतो. समझोत्याच्या वाटाघाटीतील पत्र पुढे पुरावा म्हणून वापरता येऊ नये, यासाठी अनेक कायदेपद्धतींत असा शेरा वापरतात. आपल्याला मात्र हा ईमेल आणि त्यावर आलेले “मान्य आहे” हे उत्तर गरज पडल्यास दाखवता यायला हवे. ते दाखवता आले नाही, तर रक्कम कबूल केल्याचा आणि अटी ठरल्याचा आपला मुख्य पुरावाच जातो. हक्क राखून ठेवायचे असतील, तर नमुन्याप्रमाणे साध्या वाक्यात नेमके कोणते हक्क राखले ते लिहावे.

१६. ग्राहक दुसऱ्यांदा नवे वेळापत्रक मागतो आहे. द्यावे का?

तारखेच्या आधी कळवणारा आणि तारीख उलटल्यावर फोन न उचलणारा, या दोघांना एकच न्याय लावणे मला योग्य वाटत नाही. पहिल्याला एकदा वेळापत्रक बदलून द्यावे, पण त्या दिवशी काही रक्कम जमा झाल्यावरच. नवा ईमेल स्वयंपूर्ण असावा: आजची शिल्लक, सर्व तारखा, सर्व अटी आणि “हा प्रस्ताव ३ जूनच्या प्रस्तावाची जागा घेतो” हे वाक्य. जुन्या ईमेलमधील दोन तारखा बदलल्याचे फक्त फोनवर सांगितले, तर कोणते वेळापत्रक लागू आहे हेच पुढे सिद्ध करता येत नाही.

दुसऱ्या वेळी व्याजमाफी देऊ नये. तिसऱ्यांदा विनंती आली, तर ग्राहकाची अडचण तात्पुरती नाही असे समजून पुढचे पाऊल ठरवावे.

१७. या येण्यासाठी तिसऱ्या व्यक्तीने हमी दिलेली आहे. तिला विचारावे लागते का?

होय, आणि ईमेल पाठवण्यापूर्वी विचारावे. हमीदाराच्या संमतीशिवाय मुख्य देणेकऱ्याला बंधनकारक मुदतवाढ दिली, तर हमीदार जबाबदारीतून मुक्त होऊ शकतो, असा नियम अनेक कायद्यांत आहे. हमीपत्रातच मुदतवाढीला आगाऊ संमती असेल, तर प्रश्न येत नाही. म्हणून आधी ते हमीपत्र काढून वाचावे. तशी संमती नसेल, तर “वरील हप्त्यांची व्यवस्था मला मान्य असून माझी हमी कायम आहे” एवढी ओळ हमीदाराकडून लेखी घ्यावी.

१८. बिल खूप जुने आहे. हप्ते देण्यात दावा मुदतबाह्य होण्याचा धोका आहे का?

धोका आहे, पण योग्य रीतीने लिहिलेली मान्यता तो बऱ्याचदा कमी करते. दावा करण्याची मुदत संपण्यापूर्वी ग्राहकाने येणे लेखी कबूल केले किंवा काही रक्कम भरली, तर ती मुदत नव्याने मोजली जाते, अशी तरतूद अनेक देशांत आहे. नमुन्यात ग्राहकाकडून केवळ “मान्य” न मागता “१,८०,००० ही शिल्लक मान्य आहे” असे वाक्य मागितले आहे, त्याचे हेही एक कारण आहे. काही ठिकाणी या कबुलीवर सही लागते आणि ईमेलखालचे नाव सही म्हणून चालते की नाही, हे तेथील कायद्यावर ठरते. मुदत संपायला थोडेच महिने उरले असतील, तर हप्त्यांचे वेळापत्रक त्या तारखेपलीकडे नेण्यापूर्वी वकिलाला तारखा दाखवाव्यात आणि कबुलीपत्र सहीनिशी कागदावर घ्यावे.

१९. ग्राहक व्यावसायिक नसून घरगुती वापरासाठी सेवा घेणारी व्यक्ती असेल, तर हाच नमुना चालेल का?

जसाच्या तसा वापरू नये. व्यक्तिगत ग्राहकांसाठी अनेक देशांत वेगळे संरक्षण असते. व्याजावर मर्यादा, सवलत रद्द करण्यापूर्वी द्यायची ठरावीक नोटीस, संपर्क करण्याच्या वेळा आणि काही ठिकाणी हप्त्यांची व्यवस्था हीच कर्ज समजली जाण्याची शक्यता, या चार गोष्टी आधी तपासाव्यात. रक्कम, तारखा आणि शिल्लक रकमेची कबुली हे भाग तसेच ठेवता येतात. रद्द करण्याचा आणि व्याजाचा परिच्छेद मात्र तेथील नियमांनुसार नव्याने लिहावा.